अर्धवर्तुळातला सर्वांत मोठा आयत: उत्तर y = 0, चौरस किंवा दुप्पट येत असेल तर

बारावीच्या 'अप्लिकेशन्स ऑफ डेरिव्हेटिव्हज' या प्रकरणात हे गणित हमखास भेटतं. r त्रिज्येच्या अर्धवर्तुळात, एक बाजू व्यासावर टेकवून, जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत बसवायचा. पुढच्या पानावर तेच लंबवर्तुळासाठी. गणित चार-पाच ओळींचं आहे, तरी वह्या तपासताना त्याची तीच ती चुकीची उत्तरं पुन्हा पुन्हा समोर येतात. कुणाचं y = 0 येतं, कुणाचा आयत चौरस होऊन बसतो, कुणाचं क्षेत्रफळ नेमकं निम्मं तर कुणाचं नेमकं दुप्पट, आणि कुणाचा x चक्क त्रिज्येच्या पंचवीसपट.

ही उत्तरं खोडून टाकण्याआधी नीट बघावीत. यातलं प्रत्येक उत्तर चूक कोणत्या ओळीत आहे ते दाखवतं, आणि जवळजवळ सगळ्यांचं मूळ एकाच जागी सापडतं: दोन चलांना बांधणारी जी अट आहे, ती कुठे वापरली आणि कशी वापरली. म्हणून आधी बरोबर उत्तर एकदा मांडतो आणि मग एकेक लक्षण घेतो.

आकडे हाताशी असले की चूक लवकर पकडता येते, म्हणून एक ठोस उदाहरण ठेवू. 50 सेमी त्रिज्येचा अर्धवर्तुळाकार पत्रा आहे. त्यातून एकच आयत कापायचा आहे, लांब बाजू सरळ कडेवर. शक्य तितका मोठा.

केंद्र व्यासाच्या मधोमध घ्या. आयताचा उजवा वरचा कोपरा (x, y) वर असेल तर डावा वरचा (−x, y) वर येतो. म्हणजे रुंदी 2x आणि उंची y. कोपरा कंसावर आहे, ही झाली अट:

```
क्षेत्रफळ:  A = 2xy
अट:        x² + y² = r²
```

A मध्ये दोन चलं आहेत, पण अट म्हणते की त्यातलं एकच आपल्या हातात आहे. x ठरवला की y आपोआप ठरतो: y = √(r² − x²). इथे धन मूळच घ्यायचं, कारण पत्रा व्यासाच्या वरच्या बाजूला आहे. हा y क्षेत्रफळात घातला की एकाच चलाचं फलन उरतं:

```
A(x) = 2x√(r² − x²),   0 ≤ x ≤ r
A'(x) = (2r² − 4x²) / √(r² − x²)
```

A' = 0 म्हणजे x² = r²/2, म्हणून x = r/√2 आणि y सुद्धा r/√2. रुंदी r√2, उंची r/√2, क्षेत्रफळ r². आपल्या पत्र्यात रुंदी 70.7 सेमी, उंची 35.4 सेमी आणि क्षेत्रफळ 2500 चौसेमी. पत्रा मुळात सुमारे 3927 चौसेमीचा आहे, म्हणजे आयत त्याचा 63.7 टक्के भाग घेतो. हे गुणोत्तर 2/π आहे आणि त्रिज्या कितीही असली तरी बदलत नाही. हा 63.7 लक्षात ठेवा, पुढे दोनदा कामाला येईल.

लक्षण: y = 0 किंवा x = 0 येतं

ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक, आणि हिच्यावरच जरा थांबायला हवं, कारण बाकीचं गणित समजलंय की फक्त पाठ आहे ते इथे कळतं.

वहीत असं दिसतं: A = 2xy, dA/dx = 2y, म्हणून 2y = 0, म्हणून y = 0. अट वर सुबक चौकटीत लिहिलेली असते, पण ती वापरायच्या आधीच डेरिव्हेटिव्ह घेऊन झालेलं असतं. ज्या क्षणी dA/dx = 2y लिहिलं, त्या क्षणी आपण म्हणालो की x वाढला तरी y हलत नाही. तसं असेल तर आयत रुंद करत गेलं की क्षेत्रफळ वाढतच राहील, आणि 'कमाल' सापडण्याचा प्रश्नच येणार नाही. y = 0 हे उत्तर तेच सांगतं आहे: उंचीच नसलेला आयत.

खरं काय घडतं ते आकड्यांत बघा. हिशोब सोपा जावा म्हणून घटकाभर r = 10 घेऊ. x = 6 असताना y = 8, क्षेत्रफळ 96. आता x जरासा सरकवून 6.1 करा. y जर 8 वरच राहिला असता तर क्षेत्रफळ 12.2 × 8 = 97.6 झालं असतं, म्हणजे 1.6 ची वाढ. पण कोपरा कंसावरून खाली घसरतो आणि y होतो सुमारे 7.924. खरं क्षेत्रफळ 96.67. रुंदी वाढल्याने 1.6 मिळाले आणि उंची कमी झाल्याने त्यातले बरेचसे परत गेले. हातात उरले सुमारे 0.67.

आता हेच x = 8 वर करा. y = 6, क्षेत्रफळ पुन्हा 96. x 8.1 केला की y सुमारे 5.864 होतो आणि क्षेत्रफळ 95.00 वर उतरतं. इथे रुंदीतून जेवढं मिळतं त्यापेक्षा उंचीतून जास्त जातं. 6 वर फायदा, 8 वर तोटा, म्हणजे मधे कुठेतरी दोन्ही बरोबरीत असणार. A' = 0 हे समीकरण म्हणजे तीच बरोबरीची जागा. r = 10 साठी ती 7.07 वर येते आणि क्षेत्रफळ 100.

म्हणजे उपाय एकच: डेरिव्हेटिव्ह घ्यायच्या आधी A मध्ये एकच चल उरलं आहे ना, ते बघायचं. A च्या ओळीत x आणि y दोन्ही दिसत असतील तर पेन तिथेच थांबवा.

ज्यांना वर्गमुळाचा त्रास नको आहे त्यांना एक पळवाट आहे, आणि ती पूर्णपणे वैध आहे. y काढून न टाकता तो x चं फलन आहे एवढं मान्य करायचं आणि गुणाकाराचा नियम लावायचा:

```
A' = 2y + 2x·y'
अटीवरून: 2x + 2y·y' = 0,  म्हणून  y' = −x/y
A' = 2y − 2x²/y = 0,  म्हणून  y² = x²
```

पहिली संज्ञा 2y म्हणजे रुंदीचा फायदा, दुसरी 2x²/y म्हणजे उंचीचा तोटा. चुकीच्या उत्तरात फक्त पहिली संज्ञा होती. इतकाच फरक.

याच जातीची एक उलटी चूकही दिसते. कुणी अटीतून y² = r² − x² काढतं आणि तो परत अटीतच घालतं. मग x² + r² − x² = r², म्हणजे 0 = 0, आणि पुढे रस्ता बंद. 0 = 0 दिसलं की समजायचं: अट अटीतच घातली, क्षेत्रफळात घालायची राहिली.

लक्षण: आयत चौरस येतो, किंवा क्षेत्रफळ निम्मं अथवा दुप्पट येतं

इथे अट वापरलेली असते, डेरिव्हेटिव्हही बरोबर असतं, तरी उत्तर चुकतं. कारण x या अक्षराचा अर्थ दोन ओळींत दोन वेगळा झालेला असतो.

आपण x ही अर्धी रुंदी धरली. बऱ्याच जणांना पूर्ण रुंदी x धरणं जास्त स्वाभाविक वाटतं, आणि त्यात काही गैर नाही. मात्र मग क्षेत्रफळ xy होतं आणि कोपऱ्याचा केंद्रापासूनचा आडवा अंतर x/2 होतो, म्हणून अट (x/2)² + y² = r² अशी लिहावी लागते. या जोडीने गेलात तर x = r√2, y = r/√2 येतं. उत्तर तेच, फक्त आता x म्हणजे अख्खी रुंदी.

गडबड होते ती एका पद्धतीची ओळ दुसऱ्या पद्धतीत मिसळल्यावर. पूर्ण रुंदी x म्हणून A = xy लिहिलं, पण अट सवयीने x² + y² = r² अशीच ठेवली, तर x = y = r/√2 येतं आणि क्षेत्रफळ r²/2. 'बाजू सारख्या आल्या, म्हणजे चौरस' असा निष्कर्ष लगेच लिहिला जातो. वर्तुळातला सर्वांत मोठा आयत चौरस असतो हे आधी शिकलेलं असतं, त्यामुळे शंकाही येत नाही.

पत्र्यावर तपासा. या उत्तराने रुंदी 35.36 सेमी आणि उंची 35.36 सेमी. मग वरचा कोपरा केंद्रापासून आडवा 17.68 आणि उभा 35.36 वर असेल. त्याचं केंद्रापासूनचं अंतर √(312.5 + 1250) = √1562.5, सुमारे 39.5 सेमी. पण कंस 50 सेमीवर आहे. कोपरा कंसाला टेकलेलाच नाही, साडेदहा सेमी आत राहिला आहे. या आयताला अजून वाढायला चारही दिशांनी नाही तरी डावीकडे, उजवीकडे आणि वर भरपूर जागा आहे, तेव्हा तो सर्वांत मोठा असूच शकत नाही.

उलट मिसळण झाली की गंमत दुसऱ्या टोकाला जाते. अट (x/2)² + y² = r² बरोबर लिहिली, पण क्षेत्रफळ 2xy घेतलं, तर पत्र्यासाठी 5000 चौसेमी येतं. अख्खा पत्राच 3927 चौसेमीचा आहे. त्यातून 5000 चा तुकडा कुठून निघणार?

म्हणून उत्तर आल्यावर दोन गोष्टी बघायची सवय लावा, दोन्हींना मिळून मिनिटही लागत नाही. आलेल्या रुंदी-उंचीवरून कोपऱ्याचं केंद्रापासूनचं अंतर काढा. ते r आलंच पाहिजे. आणि क्षेत्रफळ अर्धवर्तुळाच्या 63.7 टक्के आहे का ते बघा. निम्मं, म्हणजे 32 टक्क्यांच्या आसपास आलं, किंवा 127 टक्के आलं, तर डेरिव्हेटिव्ह पुन्हा तपासत बसू नका. चूक पहिल्या दोन ओळींत आहे.

खरा चौरस किती मोठा बसतो, हेही कुणी विचारेल. रुंदी आणि उंची सारखी हवी म्हणजे 2x = y. अटीत घातलं की 5x² = r², आणि क्षेत्रफळ 4x² = 4r²/5. पत्र्यात 2000 चौसेमी. चौरस बसतो, पण पाचशे चौसेमीने मागे राहतो. अर्धवर्तुळातल्या मोठ्यात मोठ्या आयताची रुंदी उंचीच्या दुप्पट असते. पूर्ण वर्तुळातल्या चौरसाला व्यासावर मधोमध कापलं की हाच आयत मिळतो, आणि चौरसाचा धागा खऱ्या अर्थाने जुळतो तो इथे.

लक्षण: x = 1250 सेमी

हे वर्गमुळ टाळण्याच्या नादात होतं. वर्गमुळ टाळणं मात्र चांगलंच आहे, मी स्वतः तेच शिकवतो. A धन असल्यामुळे A जिथे सर्वांत मोठं तिथेच A² सर्वांत मोठं. म्हणून A ऐवजी A² घ्यायचं आणि x² ला t म्हणायचं:

```
A² = 4x²(r² − x²) = 4t(r² − t)
```

हा t चा साधा वर्गबहुपदी आहे. कमाल t = r²/2 वर. पत्र्यासाठी t = 1250. आणि इथे काही जण x = 1250 लिहून मोकळे होतात. t हा x नाही, x² आहे, त्याचं एकक चौसेमी आहे. लांबीच्या जागी चौसेमी आले हे एककं लिहिली असती तर लगेच दिसलं असतं. √1250 = 35.36, आणि गाडी रुळावर.

याच ओळीला थोडं वेगळं लिहिलं की डेरिव्हेटिव्हचीही गरज उरत नाही:

```
A² = r⁴ − (2x² − r²)²
```

कंसाचा वर्ग शून्यापेक्षा कमी होत नाही, म्हणून A² कधीच r⁴ च्या वर जात नाही, आणि नेमका r⁴ तेव्हाच होतो जेव्हा 2x² = r². कमाल का आहे याचा हा मला आवडणारा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. A'' चं चिन्हही तपासायला नको. परीक्षेत A'' मागितलंच तर x = r/√2 वर ते −8 येतं, त्रिज्या कोणतीही असो; तिथे दुसरं काही आलं तर भागाकाराच्या नियमात गडबड आहे.

t न वापरता थेट x ने A² चं डेरिव्हेटिव्ह घेतलं तर 8x(r² − 2x²) येतं आणि x = 0 हे जास्तीचं मूळ डोकावतं. घाबरायचं कारण नाही, तिथे क्षेत्रफळ शून्य आहे. x = −r/√2 हे मूळही असंच बाजूला पडतं, कारण x ही लांबी आहे. म्हणूनच A(x) लिहिताना शेजारी 0 ≤ x ≤ r लिहायचंच. दोन्ही टोकांना A शून्य, मधे एकच जागा जिथे A' = 0, आणि तिथे A धन: कमाल तीच, वाद नाही.

या युक्तीची मर्यादा सांगायला हवी. प्रश्न क्षेत्रफळाऐवजी परिमितीचा असला की वर्ग करून भागत नाही. P = 4x + 2y, आणि P² मध्ये 16xy ही संज्ञा तशीच राहते, तिच्यातून वर्गमुळ जात नाही. तिथे कोन घ्यावा: x = r cos θ, y = r sin θ. अट आपोआप पाळली जाते आणि P = r(4 cos θ + 2 sin θ). डेरिव्हेटिव्ह शून्य केलं की tan θ = 1/2, म्हणजे x = 2r/√5, y = r/√5. रुंदी उंचीच्या चौपट! क्षेत्रफळासाठी दुप्पट, परिमितीसाठी चौपट. प्रश्नात 'क्षेत्रफळ' आहे की 'परिमिती', हे घाईत न वाचणाऱ्यांची उत्तरं यामुळे पूर्ण वेगळी येतात. क्षेत्रफळासाठीही कोनाचा रस्ता छान आहे: A = r² sin 2θ, कमाल θ = 45° वर, संपलं.

कोणतं चल काढून टाकायचं, याचाही विचार करावा. अर्धवर्तुळात x आणि y दोन्ही वर्गातच येतात, त्यामुळे फरक पडत नाही. पण योहानेस केप्लर ज्या पिंपांच्या मागे लागला, तिथे पडतो. 1613 मध्ये लिंत्स शहरात दुसऱ्या लग्नाच्या वेळी त्याने वाइनची पिंपं घेतली. व्यापारी पिंपाच्या मधल्या भोकातून काठी तिरकी आत घालायचा आणि ती किती आत गेली त्यावरून किंमत सांगायचा. केप्लरला प्रश्न पडला की तीच काठी वेगवेगळ्या आकाराच्या पिंपांत तेवढीच जाईल, मग दारू सारखी कशी? 1615 मध्ये त्याने यावर पुस्तकच छापलं. पिंप सरळ नळकांडं मानलं, व्यास D, उंची h, काठी s, तर अट D² + (h/2)² = s² आणि घनफळ πD²h/4. इथे h काढून टाकला तर वर्गमुळ गळ्यात पडतं. D² काढून टाकला तर घनफळ नुसतं h चं घनबहुपदी होतं, h² = 4s²/3 सहज येतं, आणि h हा D च्या √2 पट निघतो. अटीत आणि मूळ सूत्रात जे चल दोन्हीकडे वर्गातच आहे, ते काढावं.

लंबवर्तुळात काय बदलतं

अट आता x²/a² + y²/b² = 1, आणि पूर्ण लंबवर्तुळ असल्याने चारही चतुर्थांशांत कोपरे, म्हणून A = 4xy. a = 5, b = 3 घेऊ.

सर्वांत सामान्य चूक y काढतानाची. y = b√(a² − x²) असं लिहिलं जातं, खालचा a गळून पडतो. तपासायला x = 0 घाला: y = b यायला हवा, इथे ab येतो. बरोबर रूप y = (b/a)√(a² − x²). मग A = (4b/a)·x√(a² − x²), आणि हे अर्धवर्तुळाचंच फलन आहे, पुढे फक्त एक स्थिरांक. म्हणून x = a/√2, y = b/√2, A = 2ab. आपल्या उदाहरणात बाजू 7.07 आणि 4.24, क्षेत्रफळ 30. इथेही लंबवर्तुळाच्या πab शी गुणोत्तर 2/π, तोच 63.7. प्रश्न अर्ध्या लंबवर्तुळाचा असेल तर A = 2xy आणि उत्तर ab; 4 आणि 2 ची अदलाबदल झाली की इथेही निम्मं-दुप्पट सुरू होतं.

वर्गमुळाशिवाय हवं असेल तर x²/a² ला u आणि y²/b² ला v म्हणा. u + v = 1 आणि A² = 16a²b²uv. बेरीज ठरलेली असताना गुणाकार सर्वांत मोठा तेव्हा, जेव्हा दोघं सारखे. u = v = 1/2.

दुसरी चूक म्हणजे चौरस इथेही धरून चालणं. x = y घातला तर x² = 225/34, क्षेत्रफळ 4x² सुमारे 26.47. तीसपेक्षा कमी. a आणि b वेगळे असले की चौरस हरतोच.

उत्तर वर्तुळासारखं का येतं, याचं कारण असं: लंबवर्तुळ म्हणजे a त्रिज्येचं वर्तुळ उभ्या दिशेने b/a पट दाबलेलं. अक्षांना समांतर आयत दाबल्यावरही आयतच राहतो, आणि प्रत्येकाचं क्षेत्रफळ त्याच b/a पटीने कमी होतं. त्यामुळे जो आधी सर्वांत मोठा होता तो नंतरही सर्वांत मोठा.

हाच तर्क परिमितीला लावू नका. दाबताना आडव्या बाजू तशाच राहतात आणि उभ्या आखडतात, म्हणून सगळ्यांची परिमिती एका पटीने बदलत नाही. जास्तीत जास्त परिमितीचा आयत x = a²/√(a² + b²), y = b²/√(a² + b²) वर मिळतो, परिमिती 4√34, म्हणजे सुमारे 23.32. त्याचं क्षेत्रफळ काढाल तर 26.47 येईल, वरच्या चौरसाइतकंच. हा योगायोग नाही: a, b काहीही घेतले तरी दोन्हींचं क्षेत्रफळ 4a²b²/(a² + b²) निघतं.

A' = 0 चं उत्तर बरोबर, तरी कामाचं नाही

शेवटचं लक्षण वहीत कमी आणि प्रत्यक्ष कामात जास्त दिसतं. पत्र्याकडे परत येऊ. समजा तुकडा कमीत कमी 40 सेमी उंच हवाच आहे. मोठ्यात मोठा आयत तर 35.4 सेमी उंच. A' = 0 ची जागा आता परवानगी असलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेली.

y ≥ 40 म्हणजे x² ≤ 2500 − 1600 = 900, म्हणजे 0 ≤ x ≤ 30. या पट्ट्यात A' कुठेही शून्य होत नाही, सगळीकडे धन आहे, म्हणजे क्षेत्रफळ वाढतच जातं. मग कमाल टोकाला: x = 30, y = 40, रुंदी 60, क्षेत्रफळ 2400. ज्यांनी सुरुवातीला A(x) शेजारी x ची मर्यादा लिहिली त्यांना इथे फक्त एक आकडा बदलावा लागतो. ज्यांनी लिहिली नाही ते 35.36 हेच उत्तर देत राहतात.

जवळजवळ पाच सेमी उंची वाढवूनही क्षेत्रफळ फक्त चार टक्क्यांनी घटलं, हेही बघा. कमालीच्या जवळ क्षेत्रफळ फार हळू बदलतं, हे केप्लरने पिंपांच्या बाबतीत टिपलं होतं. पण तीच ढील संपली की उतार झपाट्याने वाढतो. उंची 45 हवी म्हटली तर x = √475, सुमारे 21.8, आणि क्षेत्रफळ 1960 च्या आसपास. पुढच्या पाच सेमींनी सव्वाचारशेहून जास्त चौसेमी खाल्ले.